पाचशे रुपयांची सूट : भाड्याच्या घरातल्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ मे २०२३, लातूर

जिना उतरताना काकांनी थांबवलं. काका म्हणजे आमचे घरमालक, खालच्या मजल्यावर राहतात. आमचा अकरा महिन्यांचा करार ३१ मेला संपतोय. म्हणाले, "ताई, भाडं वाढवत नाही, आठ हजारच राहू द्या. पण घरातली बारीकसारीक दुरुस्ती तुमची तुम्ही बघितली तर महिन्याला पाचशे कमी द्या."

त्यांची अडचण खरी आहे. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, आणि एका वायसरसाठी प्लंबर येत नाही. आलाच तर नुसता येण्याचे तीनशे घेतो. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, नळ-नळ्या-बुचं हाताखालून रोज जातात. हे आठवडाभर नांदेडला असतात, म्हणजे काम माझ्याच अंगावर येणार. अकरा महिन्यांचे साडेपाच हजार होतात. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही.

मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. "बारीकसारीक" म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायचं. त्यासाठी ही वही.

१७ मे

कॉलेजला सुट्टी. आज सगळं घर फिरून जे आधीपासून बिघडलेलं आहे ते लिहून काढलं, प्रत्येकाचा फोटो काढला. सूट घेतल्यावर पहिल्या महिन्यात जी कामं निघतात ती बहुतेक जुनीच असतात. ती यादीत नसतील तर मालकाची वर्षानुवर्षांची थकलेली दुरुस्ती पाचशे रुपयांत भाडेकरूच्या गळ्यात पडते.

मोरीतली तोटी ठिबकते. फ्लशच्या टाकीतून पाणी वाहत राहतं, नीट आवाज ऐकला तर कळतं. बेसिनखालचा कनेक्शन पाइप गंजलाय. झोपायच्या खोलीतला एक स्विच सैल आहे आणि खिडकीची कडी लागत नाही. गच्चीवरच्या आमच्या टाकीचं झाकण फुटलंय. बाथरूम आणि झोपायची खोली यांच्यामधल्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंचीवर, तळहाताएवढा ओलसर डाग आहे. त्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढली आणि आतच तारीख लिहिली. रुंदी १४ सेंटिमीटर.

यादी काकांना दाखवली. झाकण आणि स्विच ते करून देणार. तोटी, फ्लश, पाइप आणि कडी मी करते, सामान त्यांचं, असं ठरलं. डागाबद्दल म्हणाले, "तो जुनाच आहे, पावसाचा, रंग दिला की जाईल." मी तो यादीतून काढला नाही.

२१ मे

उदगीरच्या मावसभावाला फोन केला. तो वकिली करतो. त्यानं सांगितलेलं जसं समजलं तसं लिहिते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्यातलं कलम १४. घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्यानं केलं नाही तर भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र वर्षभरात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या वर जाता कामा नये.

पण या कलमाच्या सुरुवातीलाच एक अट आहे, ती त्यानं दोनदा वाचून दाखवली. भाडेकरूनं उलट करार केलेला नसेल तरच मालकावर हे बंधन. म्हणजे "सर्व दुरुस्ती भाडेकरू करील" एवढं एक वाक्य मी सही करून दिलं, तर पाचशे रुपयांसाठी छतापासून पायापर्यंत सगळी जबाबदारी माझ्यावर आली असं कुणीही म्हणू शकेल. दुसरं म्हणजे, आपले अकरा महिन्यांचे कागद बहुतेक लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर वापरायच्या नुसत्या परवानगीचे असतात. त्यात आपण कायद्याच्या अर्थानं भाडेकरू नसतोच. म्हणून तो म्हणाला, "कलम चौदावर विसंबू नकोस. कागदावर जे लिहिशील तेवढंच तुझं."

"किरकोळ" हा शब्द एकटा वापरायचा नाही, हेही त्यानंच बजावलं.

२६ मे

करारातली कलमं काकांसोबत बसून लिहिली. काकूंनी धपाटे केले होते, त्यामुळे बैठक लांबली पण बरी झाली.

भाडं कागदावर ७,५०० लिहायचं की ८,०००? काकांना ७,५०० सोपं वाटत होतं. मी ८,००० चा आग्रह धरला, आणि खाली वेगळं वाक्य : भाडेकरू पुढील कामं करील तोवर दरमहा ५०० रुपये सूट. साडेसात हजार लिहिलं की सूट भाड्यात विरघळून जाते आणि कामाची जबाबदारी तेवढी उरते. उद्या मला काम जमलं नाही, आजारी पडले, तर सूट थांबवून आठ हजार द्यायचे आणि मोकळं व्हायचं, ही वाट वेगळ्या वाक्यामुळे राहते. काकांचाही त्यात फायदा आहे. मी काम केलं नाही तर त्यांनाही सूट थांबवता येते.

मग कामं. माझ्याकडे तोटीचं वायसर आणि स्पिंडल, कनेक्शन पाइप, फ्लशच्या टाकीतलं आतलं सामान, बल्ब, कड्या-बिजागऱ्या, जाळ्या साफ करणं. एका कामाला सामान तीनशेच्या वर लागलं तर आधी विचारायचं. त्यांच्याकडे भिंत, फरशी, छत आणि त्यांच्या आत जे काही आहे ते, वायरिंग, गिझर, मोटार, टाकी. विजेचं काम मी स्पष्टच नको म्हणाले. आमच्या बाथरूमच्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हेच कुणाला सांगता येत नाही.

१ जूनआधीच्या दोषांची यादी फोटोंसह कराराला जोडली, दोघांच्या सह्या केल्या.

३ जून

मोरीतली तोटी.

रात्री खाली बाटली लावून ठेवली होती. सेकंदाला साधारण एक थेंब, सकाळपर्यंत दीड लिटरची बाटली जवळजवळ भरली. ज्या गावाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एका तोटीतून एवढं जाणं मला सहन होत नाही.

गच्चीवरचा वॉल्व्ह बंद केला, तोटी पूर्ण उघडून पाइपातलं पाणी जाऊ दिलं. पान्ह्याखाली जुनी चिंधी गुंडाळली, नाहीतर चकाकी ओरबाडली जाते. डोकं उलट्या दिशेनं सोडवलं. वायसर लाकडासारखं कडक झालेलं, मधोमध गोल खाच पडलेली. पण नुसतं वायसर बदलून भागत नाही. ते ज्या पितळी कडेवर बसतं त्या बैठकीवर पांढरा क्षार साचला होता. खडबडीत कडेवर नवं वायसरही महिन्यात कापलं जातं. लिंबूसत्त कोमट पाण्यात विरघळवून कापडाच्या बोळ्यानं अर्धा तास लावून ठेवलं. बारीक बुडबुडे आले, क्षार सुटला. कड बोटानं चाचपली, खड्डा लागला नाही. खड्डा असता तर पूर्ण तोटीच बदलावी लागली असती.

नवं अर्ध्या इंची वायसर बसवलं. दीड तास गेला, त्यातला एक तास क्षाराशी. ठिबकणं थांबलं.

११ जून

फ्लश. टाकीत नीळ घातली, अर्धा तास कुणी वापरायचं नाही असं लेकाला सांगितलं. भांड्यात निळी रेघ उतरली. म्हणजे तळाचं रबर पाणी धरत नाही. वरची नळी भरून वाहत असती तर दोष फ्लोटचा असता. रबर बदललं, ११० रुपये. बेसिनखालचा कनेक्शन पाइप आणून ठेवलाय.

२५ जून

यंदा पाऊस उशिरा आला, आजकाल कुठं आभाळ भरायला लागलंय. आमच्या भागात नळाला पाणी रोज येत नाही, मधले दिवस बोअरवर निघतात. मोरीच्या नव्या वायसरभोवती तीन आठवड्यांत पुन्हा पांढरं दिसू लागलं, म्हणून बोअरचं पाणी कॉलेजात नेऊन तपासलं. कठीणपणा मोजायचं ईडीटीए हे रसायन घालत गेले, वाइनसारखा लाल रंग निळा झाला तेव्हा हिशेब केला : लिटरला ५६० मिलिग्रॅम कठीणपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० चांगलं धरतात, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडे काळ्या कातळातलं पाणी असंच जड.

सूट ठरवताना हा आकडा माझ्याजवळ असायला हवा होता. गोड्या पाण्यावर वर्षानुवर्षं टिकणारं वायसर अशा पाण्यात किती तरी लवकर जातं. काकांनी मुद्दाम लपवलं असं नाही, त्यांच्या लेखी ते नेहमीचंच पाणी. पण पाचशे रुपये पुरेसे आहेत की नाही हे घरातल्या तोट्यांच्या संख्येपेक्षा पाण्यावर ठरतं. आमच्याकडे सात तोट्या आहेत.

९ जुलै

आज माझ्या हातून नुकसान झालं.

काल संध्याकाळी बेसिनखालचा पाइप बदलला. त्याच्या टोकाला प्लास्टिकचं नट असतं आणि आत रबरी चकती. पाणी अडवते ती चकती. नट हातानं घट्ट करायचं, वर पान्ह्यानं फार तर पाव फेरा. टेफ्लॉनचीही गरज नाही. मला भरवसा वाटला नाही. आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळलं आणि पान्ह्यानं आवळत गेले. रात्री दोनच्या सुमारास नट उभं चिरलं. पहाटे काकूंनी दार वाजवलं तेव्हा पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात उतरलं होतं, कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं खालून भिजलं होतं.

काकू एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. आम्ही दोघींनी मिळून ज्वारी पंख्याखाली पसरली. दुपारी ऊन पडलं तेव्हा गच्चीवर नेली. तळाची ज्वारी वास मारायला लागली होती, ती काढून टाकली. तिचे साडेतीनशे रुपये मी दिले. काका नको म्हणत होते.

असं झालं तर कुणी भरायचं, याबद्दल करारात काहीच नव्हतं. संध्याकाळी आम्ही एक ओळ वाढवली, दोघांनी सही केली : भाडेकरूनं केलेल्या कामाच्या चुकीनं नुकसान झालं तर भाडेकरूचं, वस्तू आपोआप गेली तर मालकाचं. हे ओळखायचं कसं, तर तुटलेला तुकडा फेकायचा नाही. जास्त आवळलेलं नट तोंडापासून उभं चिरतं. जुनं होऊन गेलेल्या वस्तूवर गंज किंवा क्षार दिसतो. माझं नट नवंकोरं होतं आणि उभं चिरलेलं होतं. ते पिशवीत घालून वहीसोबत ठेवलंय.

यापुढे नवं काही बसवलं की झोपेपर्यंत खाली कोरडा कागद. पहिल्या रात्री झोपताना वॉल्व्ह बंद.

१२ ऑगस्ट

भिंतीवरचा डाग ३१ सेंटिमीटर झालाय. पेन्सिलची मेमधली रेघ आता त्याच्या पोटात आहे.

काका अजून पावसाचंच म्हणतात. पण ऑगस्ट सुरू झाल्यापासून पाऊस कुठं आहे? सोयाबीन माना टाकायला लागलंय, लोक आभाळाकडे बघतायत. पावसाची ओल असती तर या कोरड्या दिवसांत ती आकसली असती. ही वाढतेय, म्हणजे पाणी आतूनच येतंय.

काका जरा गडबडीत होते. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई आलेत. मी म्हटलं, पुरावा घेऊनच बोलते.

१५ ऑगस्ट

दोन रात्री मोजमाप केलं.

आमची टाकी वेगळी आहे हे बरं. तिच्याभोवती टेप गुंडाळली : घेर ३४० सेंटिमीटर. त्यावरून एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ९.२ लिटर. रात्री दहाला मोटार आणि भरण्याचा नळ बंद, घरात कुणी पाणी वापरायचं नाही, प्यायचं आधीच भरून ठेवलेलं. फ्लश आणि बेसिनच्या पाइपांना भिंतीपाशी असलेले अँगल कॉकही बंद, कारण फ्लशचं रबर मीच बसवलंय आणि दोष तिथलाही असू शकतो. लाकडी पट्टी बुडवून खूण केली. सकाळी सहाला पाणी तीन सेंटिमीटर उतरलेलं. आठ तासांत सत्तावीस-अठ्ठावीस लिटर.

दुसऱ्या रात्री टाकीतून घरात उतरणारा वॉल्व्हच बंद ठेवला. सकाळी पाणी जागच्या जागी. म्हणजे टाकी गळत नाही. अँगल कॉक बंद असतानाही पाणी उतरलं, तेव्हा ते त्यांच्या पुढूनही जात नाही. पाणी भिंतीतल्या पाइपातून जातंय. दिवस-रात्र असंच जात असेल तर महिन्याला अडीच हजार लिटर.

१६ ऑगस्ट

काकांना आकडे दाखवले. त्यांनी मान्य केलं, पण पुढचं बोलणं अवघड झालं. म्हणाले, "गेला असेल एखादा एल्बो. दीडशे रुपयांची वस्तू. तीनशेच्या आतलं काम तुमचं ठरलंय ना?"

आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते खोटं बोलत नव्हते. वस्तू खरंच दीडशेची. महागडी ती फोडाफोड, मिस्त्रीची रोजी, टाइल्स, प्लास्टर. किरकोळ काम नुसत्या किमतीवर ठरवलं असतं तर आज माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी करार काढून दोन जागा दाखवल्या. भिंतीच्या आतलं त्यांचं, आणि हा डाग १ जूनआधीच्या यादीत, त्यांच्या सहीसकट.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "महालक्ष्म्यांच्या आधी करून घेऊ." डाग खाली त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यातही उतरू लागला होता, आणि महालक्ष्म्या त्याच कोपऱ्यात बसतात.

हे मिटेपर्यंत रात्री घरात उतरणारा वॉल्व्ह बंद ठेवायचं माझ्याकडे घेतलं. तेवढं पाणी तरी वाचेल.

६ सप्टेंबर

काल आणि आज मिस्त्री. गिझरच्या खाली तीन टाइल्स काढल्या. जुना लोखंडी जीआय पाइप, वळणावरच्या एल्बोला गंजून सुईएवढी दोन भोकं. पाइप कापला तेव्हा आत क्षाराचा असा थर, की पेन्सिल जेमतेम जाईल. एल्बोपुरतं बदलून थांबायचं काकांच्या मनात होतं. मिस्त्रीनं कापलेला तुकडा त्यांच्या हातात दिला, मग तेच म्हणाले पूर्ण बदला. गरम पाण्याची लाइन आहे म्हणून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप टाकला. त्याला गंज चढत नाही. क्षार मात्र गिझरमध्ये साचत राहणार.

एकूण ४,६५० रुपये, काकांनी दिले. भिंत बुजवण्याआधी लाइन चालू करून तासभर बघितलं, कागद लावून. टाकीचं मोजमाप रात्री पुन्हा : पट्टीवर खूण तिथंच.

१९ सप्टेंबर

आज गणपती बसले. भिंतीला लगेच ऑइल पेंट देऊ नका म्हणून काकांना सांगितलं होतं. ओल आत अडकली की महिन्यात पोपडे धरतात. पण परवा, २१ ला महालक्ष्म्या येणार, कोपरा डागाळलेला कसा ठेवायचा? शेवटी खालच्या कोपऱ्याला चुना मारला. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, आणि पांढरंशुभ्र दिसतं. आमच्या खोलीतली भिंत तशीच मोकळी ठेवलीय, पलंग हातभर पुढे ओढून.

१ ऑक्टोबर

चार महिन्यांचा हिशेब. सूट मिळाली २,०००. त्यात मी घेतलेलं सामान ६१५, ज्वारीचे ३५०. हातात उरले १,०३५. माझे अकरा तास गेले. तासाला शंभराच्या आतच पडतंय. प्लंबरला चारदा बोलावलं असतं तर काकांचे बाराशे नुसते येण्याचे गेले असते. म्हणजे दोघांचंही नुकसान नाही, पण अकरातले सहा तास फक्त क्षार काढण्यात गेलेत, आणि तो क्षार त्यांच्या बोअरचा आहे.

हे काकांपुढे तसंच मांडलं. सूट वाढवा म्हणाले नाही. एवढंच मागितलं, की बोअरच्या पाण्यानं पूर्ण तोटी गेली तर नवी तोटी त्यांची, बसवायचं काम माझं. त्यांनी दोन दिवस मागितले.

४ ऑक्टोबर

काका गुडघा धरत जिना चढून स्वतः वर आले, पहिल्यांदाच. भिंतीवर हात फिरवून बघितला. कोरडी. मग करार मागितला आणि उभ्या उभ्या तोटीची ओळ आपल्या हातानं लिहून सही केली.

स्वयंपाकघरातली तोटी फिरवताना आत करकरतेय. रविवारी उघडते.